माझ्या नावाने चालणारा ट्रिगर

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कुंभवलीच्या बाजूला एका रंग-रसायनांच्या कारखान्यात मी चार वर्षं केमिस्ट होते. कारखान्याचं सांडपाणी स्वच्छ करून बाहेर सोडायचा जो विभाग असतो, त्याच्या छोट्या प्रयोगशाळेत माझं टेबल होतं. खिडकीखाली उघडी टाकी. तिच्यावर तपकिरी फेस साचायचा आणि वारा आला की त्याचे गोळे उडून जाळीला चिकटायचे. पहिल्या महिन्यात मला डबा खाता येत नव्हता. नंतर येऊ लागला, आणि तो येऊ लागला याचंच मला आता जास्त वाईट वाटतं.

बाहेर जाणाऱ्या पाण्यावर एक मीटर बसवलेला होता. पाण्यात किती घाण उरली आहे ते तो दर काही मिनिटांनी मोजायचा. त्या घाणीच्या मापाला आम्ही सीओडी म्हणायचो. आम्हाला अडीचशेची मर्यादा होती. मीटर पुरवणाऱ्या कंपनीच्या वेबपानावर ते आकडे दिसायचे, आणि दर तासाला ते पान उघडून आकडा शीटमध्ये टाइप करणं हे माझं काम होतं. मी जेवायला गेले की तो तास रिकामा राहायचा.

एक दिवस आमचे साहेब, म्हणजे पर्यावरण विभागाचे प्रमुख, म्हणाले, "गेटवर मोठा टीव्ही लावायचाय. लोकांना आकडे लाइव्ह दिसले पाहिजेत. हे आपोआप होईल असं काही कर ना. तू शिकलेली आहेस."

मला आवड होतीच. शीट साहेबांच्या खात्यातली होती, मला तिच्यात बदल करायचा हक्क होता. वरच्या मेनूत एक्स्टेन्शन्समध्ये गेलं की ॲप्स स्क्रिप्ट नावाचा एडिटर उघडतो, तिथे कोड लिहिता येतो, इतकं मला माहीत होतं. दोन रविवार व्हिडिओ बघत बसले. शीटमध्ये नुसतं सूत्र लिहूनही वेबवरची माहिती आणता येते, पण ते सूत्र आपल्या मर्जीने ताजं होतं आणि जुना आकडा पुसून नवा दाखवतं. मला प्रत्येक आकडा खाली नव्या ओळीत साठवायचा होता. त्यासाठी स्क्रिप्टच हवी होती.

पहिल्यांदा फजिती झाली. मीटरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा कारखान्याच्या आतला पत्ता मी कोडमध्ये टाकला. माझ्या ब्राउझरमध्ये तो छान उघडत होता, स्क्रिप्ट मात्र दरवेळी पत्ता मिळत नाही म्हणून लाल अक्षरांत ओरडायची. अर्धा दिवस गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. स्क्रिप्ट माझ्या कॉम्प्युटरवर चालतच नाही, ती दूर कुठल्यातरी सर्व्हरवर चालते. तिथून आमच्या कारखान्याच्या आतलं कसं दिसणार? मग मीटरवाल्या कंपनीकडून बाहेरून उघडणारी लिंक आणि तिची किल्ली, म्हणजे पासवर्डसारखी अक्षरं, मागून घेतली. ती लिंक आणायची, आलेल्या मजकुरातून वेळ आणि आकडा वेगळा काढायचा, शीटच्या तळाला एक ओळ जोडायची. पंधरा-वीस ओळींचा कोड झाला. मग डावीकडच्या घड्याळाच्या चित्रावर जाऊन ट्रिगर लावला: हे फंक्शन दर दहा मिनिटांनी चालव. तेव्हा एक परवानगीची खिडकी आली. ही स्क्रिप्ट तुमच्या वतीने शीट बघेल, बदलेल, बाहेरच्या सेवेशी जोडली जाईल, चालेल का? मी 'अलाउ' दाबलं. 'तुमच्या वतीने' या शब्दांकडे माझं लक्षही गेलं नाही.

गेटच्या केबिनमधल्या टीव्हीवर शीटचं एक वेगळं पान उघडं ठेवलं. त्यात शेवटचा आकडा हातभर मोठा दिसायचा. मर्यादेच्या आत असेल तर हिरव्या चौकोनात, वर गेला तर लाल. तो रंगांचा नियम मी हौसेने लावला होता. पहिल्या दिवशी सगळी जनरल शिफ्ट गेटवर उभी राहून दहा मिनिटं आकडा बदलायची वाट बघत होती. बदलला तेव्हा टाळ्या पडल्या. मला खरंच अभिमान वाटला होता.

सुरुवातीचे काही आठवडे टीव्ही मधूनमधून लाल व्हायचा. साहेब चिडायचे, टाकीवरच्या ऑपरेटरला फोन करायचे, मग टाकीत औषध जास्त पडायचं आणि आकडा उतरायचा. मला वाटायचं, बघा, याचा उपयोग होतोय. नंतर लाल होणं कमी झालं, मग थांबलंच. मी समजले की सुधारणा झाली.

माझी एक आत्या खाडीकाठच्या मच्छीमार वस्तीत राहते. आठवड्यातून दोनदा टोपली घेऊन कुंभवलीत मासे विकायला यायची आणि परत जाताना माझ्या बोईसरच्या खोलीवर टेकायची. एकदा तिने खाडीतली बोई मासळी आणली. मी कालवण केलं. पहिला घास तोंडात घेतला आणि घशात काहीतरी औषधासारखं, रॉकेलसारखं चढलं. मी उठून मोरीत थुंकले. आत्याने ताटाला हात लावला नव्हता. ती माझ्याकडे बघत बसली होती.

"आमी ह्येच खातो," ती म्हणाली. "तुला कळावं म्हणून आणली."

"आत्या, फेकून दे ना मग."

"किती फेकू? आमच्या खाडीचा मासा आता कुणी घेत नाय. बाया हातात घेतात, हुंगतात नि ठेवून देतात. तुमच्या गेटासमोरनं मी जाते. टीव्हीत सगळं हिरवं हाय. मग ह्यो वास कुठला?"

"आमच्या एकट्याचंच पाणी जात नाही तिकडे."

"तुमचं नाय ना? बघून सांग मला."

ती गेल्यावर मी ते कालवण पातेल्यासकट बाहेर ठेवलं. भांडं तीन वेळा घासलं तरी वास जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेल्या गेल्या मी मीटरवाल्यांची लिंक थेट ब्राउझरमध्ये उघडली. कित्येक महिन्यांत उघडली नव्हती, गरजच पडली नव्हती. आकडा होता चारशे बारा पूर्णांक सहा. शीटमधल्या त्याच वेळेच्या ओळीत दोनशे एकतीस पूर्णांक सात. मी त्या चौकोनावर क्लिक केलं. दिसताना एकच दशांश दिसत होता कारण मी तसंच सजवलं होतं, पण वरच्या पट्टीत खरा आकडा होता: दोनशे एकतीस पूर्णांक सात तीन नऊ शून्य आठ आणि पुढे शेपटासारखी अंकांची रांग. आमचा मीटर एकाच दशांशापर्यंत मोजतो. एवढं लांब शेपूट कुठल्याही मीटरला नसतं.

एडिटर उघडला. माझ्या कोडच्या मधोमध दोन नव्या ओळी होत्या. आकडा अडीचशेच्या वर असेल, तर दोनशे दहा घे आणि त्यात शून्य ते तीसमधला कुठलाही आकडा मिळव. इतकंच. लिहिणाऱ्याने आकडा एका दशांशावर छाटायचीही तसदी घेतली नव्हती. मला आधी त्या गबाळेपणाचीच किळस आली. खोटं बोलायचं तर निदान नीट बोलायचं होतं.

मग मी शीटच्या जुन्या आवृत्त्यांची यादी उघडली, हे कोणी केलं ते बघायला. तिथे कोडमधल्या बदलाचा मागमूस नव्हता. शीटचा इतिहास चौकोनांत काय लिहिलं ते सांगतो, त्यामागच्या स्क्रिप्टमध्ये कोणी काय लिहिलं ते सांगत नाही. पण आकडे कोणी लिहिले ते तिथे स्वच्छ होतं. प्रत्येक दहा मिनिटांच्या ओळीपुढे माझं नाव. ट्रिगर ज्याने लावला त्याच्या नावाने तो चालतो. कोड कोणीही बदलो, सही माझी. मी जेवत होते, झोपले होते, एडवणला आईकडे समुद्रावर फिरत होते, तेव्हाही माझं नाव दर दहा मिनिटांनी खोटं लिहीत होतं. अंगावर काहीतरी ओलं सरपटत गेल्यासारखं झालं. मी बेसिनवर जाऊन हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत.

साहेब त्यांच्या केबिनमध्ये वडापाव खात होते. मी सांगितलं. त्यांनी घास संपवला, बोटं कागदाला पुसली.

"हो, मीच टाकलंय ते," म्हणाले. "परदेशी खरेदीदाराची माणसं येणार होती. लाल बघून काय म्हणाली असती?"

"त्याला महिने झाले, साहेब."

"मग राहिलं. तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस? आकडा आहे तो."

"माझ्या नावाने जातोय."

"नावाचं काय?" त्यांनी तेलकट बोट माझ्या मोबाइलवर, मी दाखवत होते त्या ओळीवर ठेवलं. काचेवर पिवळा ठसा उठला. "कोण बघतंय?"

मी बाहेर आले आणि ट्रिगर काढून टाकला. तीन ठिपके, 'डिलीट', संपलं. गेटवरचा आकडा तिथेच गोठला, त्याच्याखालची वेळ जुनी होत गेली. दुपारपर्यंत वॉचमनने वर कळवलं.

साहेब माझ्या टेबलाशी आले. खाली टाकीवर ऑपरेटर उभा होता. उत्तर प्रदेशातला, चाळिशीचा माणूस, कारखान्यात माझ्याहून जुना. खिडकी उघडी होती, त्याला सगळं ऐकू जात होतं.

"चालू कर," साहेब म्हणाले.

"तुम्ही करा. शीट तुमची, कोड तुम्ही बदललात, ट्रिगरही तुमच्या खात्यातून लावा."

ते खरंच बसले माझ्या खुर्चीत. स्वतःच्या खात्याने एडिटर उघडला, घड्याळावर गेले, सगळं निवडलं. परवानगीची खिडकी आली. तुमच्या वतीने शीट बघेल, बदलेल. त्यांनी वाचलं. माऊस 'अलाउ'वर नेला आणि तिथेच थांबला. मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांच्या मानेवर घाम आला होता, कॉलर ओली झाली होती. महिनोन्महिने माझ्या नावाला जे चाललं होतं, ते स्वतःच्या नावाला चालेना. त्यांनी खिडकी बंद केली आणि जाळीतून हाक मारली, "ऊपर आ!"

ऑपरेटर हात पुसत आला.

"तेरा मेल आयडी है ना? मोबाइल में जो है? पासवर्ड डाल इधर."

"साहब, किसलिए?"

"मीटर का काम है. तू ही तो ऑपरेटर है."

साहेबांनी त्याला शीटचा हक्क दिला, त्याच्या खात्याने एडिटर उघडला, ट्रिगर लावला, आणि खिडकी आली तेव्हा खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "दबा." त्याने माझ्याकडे पाहिलं.

"भैया, मत दबाओ," मी म्हणाले. "इसके बाद जो भी झूठा नंबर जाएगा, आपके नाम से जाएगा."

तो हसला, ओशाळं. "साहब ने बोला है, मैडम." आणि ज्या बोटाला टाकीचा जांभळा रंग लागलेला होता, त्या बोटाने माऊस दाबला.

साहेब उठले. "झालं. एवढ्यासाठी नाटक." जाताना माझ्या बरणीतले शेंगदाणे मूठभर घेऊन गेले.

पुढचे दोन दिवस मी काम केलं, पण मला माणसांकडे बघवत नव्हतं. कॅन्टीनमध्ये साहेब बडीशेप चघळत मुलीच्या कॉलेजबद्दल बोलत होते आणि मला त्यांचे दात दिसत होते. माझ्या खिडकीखालच्या टाकीच्या फेसात जेवढी घाण होती त्याहून जास्त मला त्या बडीशेपेच्या वासात वाटली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी एडिटर उघडला. माझा हक्क त्यांनी काढला नव्हता, डोक्यातच आलं नसेल. ज्याला शीट बदलता येते त्याला कोडही बदलता येतो. त्यांनी जे केलं तेच मी उलटं केलं. त्या दोन ओळी पुसल्या आणि सेव्ह केलं. बस. ट्रिगरला हात लावायची गरजच नव्हती. पुढच्या दहा मिनिटांत तो आपोआप चालणार होता, पुसलेला कोड घेऊन.

मी गेटवर जाऊन उभी राहिले. आकडा बदलला: चारशे अडतीस पूर्णांक दोन. हातभर चौकोन लालभडक झाला. वॉचमन उठून उभा राहिला. दुसऱ्या पाळीची माणसं येत होती, ती थांबली. कोणी मोबाइल काढून फोटो घेतला. कोणीतरी म्हणालं, "अपना ही है क्या ये?" रस्त्यावरून जाणारा रिक्षावाला मान वळवून बघत गेला. मला वाटलं होतं बरं वाटेल. थोडं वाटलंही.

तासाभरात टीव्ही बंद झाला. संध्याकाळी कळलं की साहेबांनी जुन्या आवृत्त्यांची यादी उघडून बघितली होती. लाल ओळींपुढे ऑपरेटरचं नाव होतं.

ते नाव तिथे असणार हे मला माहीत होतं. मीच तर त्याला समजावून सांगितलं होतं. तरी दुपारी कोड पुसताना तो माझ्या मनातही आला नाही. साहेबांनी त्याचं नाव खोट्यासाठी वापरलं, मी खऱ्यासाठी वापरलं, पण विचारलं दोघांनीही नाही. त्या वेळी जी शिसारी आली ती आतापर्यंतच्या सगळ्यांहून वाईट होती, कारण तिच्यापासून उठून कुठे जाता येत नव्हतं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ऑपरेटर कोपऱ्यात उभा होता.

"कोड मी बदलला. याचा संबंध नाही."

"त्याचं नाव आहे."

"तुम्हाला माहितीये नाव कसं येतं ते."

साहेब हसले. "बघ, आता तूच सांगतेस, नावाचं काही नाही म्हणून."

मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ऑपरेटरला टाकीवरून काढून ड्रम धुण्याच्या आवारात टाकलं. तिथे रसायनांचे रिकामे पिंप धुतात, हातमोजे कोणी वापरत नाही, आणि नखं काळी पडून सुटतात. त्याची बदली माझ्यामुळे झाली हे मी कितीही फिरवून सांगितलं तरी तसंच राहतं.

जाताना मी प्रयोगशाळेची वही तिथेच ठेवली, ती कारखान्याची होती. पण टीव्ही लागल्यापासून बंद पडलेली बाहेरच्या पाण्याची हाताने तपासणी मी त्या शेवटच्या दिवसांत पुन्हा केली होती, ती तिच्यात माझ्या सहीने होती, आणि त्या पानांचे फोटो माझ्याकडे होते. त्यांच्यासह पालघरला जाऊन सरकारी कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. काही आठवड्यांनी तपासणीला माणसं आली. ऑपरेटरने मला फोन करून सांगितलं: आदल्या दिवसापासून कारखाना अर्धाच चालू होता, आलेल्यांनी भरून नेलेलं पाणी जवळजवळ पारदर्शक होतं. साहेबांनी त्यांना चहाबरोबर ढोकळा दिला. मी फोन ठेवला आणि बराच वेळ काही खाल्लं नाही.

एका रविवारी ऑपरेटर मला बोईसरला चहाच्या टपरीवर भेटला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. टीव्ही पुन्हा चालू झाला होता, पुन्हा हिरवा, म्हणजे त्या दोन ओळी परत आल्या होत्या, आणि ट्रिगर अजून त्याच्याच नावाने चालत असणार.

"मोबाइल दीजिए," मी म्हणाले. मग म्हणाले, "नहीं, आप ही कीजिए. मैं बताती हूँ."

त्याच्या खात्याच्या सेटिंगमध्ये, कुणाकुणाला आपल्या खात्यात शिरायला दिलंय त्याची यादी असते. तिथे आमच्या स्क्रिप्टचं नाव होतं. त्याने ते स्वतः वाचलं, अक्षर अक्षर लावत. नखं अजून काळी होती, दोन बोटांना पट्टी होती, म्हणून अंगठ्याने दाबत होता. परवानगी काढून टाकायची का, असं मोबाइलने विचारलं.

"इससे क्या होगा?"

"आपके नाम से कुछ नहीं लिखा जाएगा अब. स्क्रिप्ट चलेगी ही नहीं. साहब को फिर से किसी का नाम चाहिए होगा."

"मुझे फिर बुलाएँगे."

"बुलाएँगे. तब मना करना मुश्किल होगा, मुझे पता है."

त्याने चहा संपवला, ग्लास बाकावर ठेवला आणि मग दाबलं. मी त्याची माफी मागितली. त्याने हात हलवला, जसं काही माशी हाकलावी, आणि विषय बदलला. गावाकडे घर बांधतोय म्हणाला.

त्याला परत बोलावलं नाही. साहेबांनी काम बाहेरच्या एका एजन्सीला दिलं. आता कोणाच्या खात्यातून तो ट्रिगर चालतो मला माहीत नाही; एजन्सीतल्या एखाद्या मुलीच्या असेल, जिने खिडकी आली तेव्हा माझ्यासारखंच न वाचता 'अलाउ' दाबलं असेल. मी पालघरला पिण्याच्या पाण्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरली. आत्याला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे तुमचंच होतं." मी हो म्हणाले. ती आता खाडीत जाळं टाकायला मुलांना पाठवत नाही; सकाळी धक्क्यावर जाऊन दुसऱ्याच्या बोटीचा खोल समुद्रातला मासा लिलावात घेते आणि तोच कुंभवलीत विकते. खाडीवर तिच्या घराच्या मागच्या बाजूला गेलं की पाण्यावर जांभळट साय दिसते. मी गेले की नाकावर ओढणी धरते. ती धरत नाही.